याची नोंद घ्यावी

वऱ्हाडात तक्रार करण्याच्या दोन रीती आहेत. एक, समोरच्याचा बाप काढून. दुसरी, समोरच्यालाच मायबाप म्हणून. पहिली तोंडी असते आणि चौकापर्यंत ऐकू जाते. दुसरी लेखी असते, ती 'सविनय सादर'पासून निघते आणि 'आपला कृपाभिलाषी'पाशी थांबते. मधल्या मजकुरात मायबाप सरकारच्या दयाळूपणाचं वर्णन इतकं होतं, की नेमकं झालं काय हे लिहायचं राहून जातं.

हे मी अधिकारवाणीनं सांगतो आहे. अमरावतीच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर माझी सगळी नोकरी गेली. गेली म्हणजे सरली. काढून कोणी घेतली नाही. शिक्के मारता मारता मी इतके अर्ज वाचले, की अजूनही लग्नपत्रिका हातात आली तर आधी विषय आणि संदर्भ शोधतो. आमच्याकडच्या अर्जांचा खरा जीव शेवटच्या ओळीत असतो. शेताच्या धुऱ्याचा वाद असो की नालीवरचा पूल, शेवटी 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल, याची नोंद घ्यावी' हे हवंच. 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारी जवळ आले की आत्मदहनाच्या इशाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. असा इशारा आला की साहेब पहिली गोष्ट करतात ती म्हणजे पोलिसांना पत्र. मग पोलीस अर्जदाराला बोलावतात, समजावतात, समज देतात. फाइल जाड होते, पण ती इशाऱ्याची फाइल असते. नाली आहे तिथंच तुंबलेली असते. आम्ही टेबलावरचे लोक म्हणूनच अर्ज खालून वर वाचायचो. धमकी दिसली की वरचं वाचायची गरज उरत नसे. पुढं काय करायचं ते ठरलेलंच होतं.

तर, अकोल्याचे आमचे जवाईबुवा. धाकट्या बहिणीचे यजमान, कृषी केंद्राचे मालक, मनानं लोणी आणि आवाजानं डीजे. 2022 च्या जूनमध्ये अमरावती जिल्ह्यातलं लोणी ते अकोल्याकडचं माना या पट्ट्यात 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला होता. त्या रस्त्याचा पुरेपूर उपयोग करत ते एका रविवारी सकाळीच आमच्या दारात उभे राहिले. हातात कागद होता. मागून बहीण उतरली. तिच्याही हातात कागद होता, पण पदराखाली.

"दादा, आमच्या पोट्टीले तथी रोज उभी ठेवतात," जवाईबुवा उंबऱ्यातूनच म्हणाले. "मले अर्ज लिवून पाहिजे. असा लिवा की हेडमास्तरच्या हातातला चहा सांडला पाहिजे."

भाची सहावीत. शाळा अकोल्यातलीच, नावाजलेली. विज्ञानाच्या मॅडम हिच्यावर खार खाऊन आहेत, असं घरातलं एकमत. मी आधी जवाईबुवांचा मसुदा वाचला. तो थोडक्यात असा होता: सदर शिक्षिका नेहमीच माझ्या मुलीचा जाणूनबुजून छळ करतात, सगळ्या वर्गासमोर तिचा अपमान करतात, त्यांची मानसिकता विकृत आहे, माझ्या मुलीचं काही बरंवाईट झालं तर शाळा सर्वस्वी जबाबदार राहील, याची नोंद घ्यावी. खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून यादी होती: शिक्षणाधिकारी, जिल्हाधिकारी, पालकमंत्री, मुख्यमंत्री, आणि सर्वात शेवटी, बहुधा जागा उरली म्हणून, मा. राष्ट्रपती.

बहिणीचा मसुदा त्याच्या अगदी उलट टोकाला. आपण आमच्या मुलांसाठी रात्रंदिवस झटता, आपल्यामुळंच मुलगी इतकी शिकली, आमचं काही चुकलं असल्यास क्षमा असावी, गैरसमज नसावा, शक्य झाल्यास तिच्याकडं थोडं लक्ष द्यावं ही नम्र विनंती. हे पत्र शाळेत दिलं असतं तर मुख्याध्यापकांनी ते फ्रेम करून शिक्षकदिनी भिंतीवर लावलं असतं.

"हे कायले लिवलं असं?" मी विचारलं.

"दादा, त्याईनं पोरीवर राग काढला तर?" ती म्हणाली. एका वाक्यात तिनं महाराष्ट्रातल्या समस्त पालकांची अडचण सांगितली. बँकेत भांडलं तर आपण बँक बदलतो. शाळेत भांडून आपण घरी येतो आणि लेकरू दुसऱ्या दिवशी साडेदहाला पुन्हा त्याच मॅडमसमोर जाऊन बसतं.

गंमत अशी की दोन्ही पत्रांत एकच खोट होती. दोन्हींत काय झालं ते नव्हतं. एकात राग होता, दुसऱ्यात भीती होती, आणि शाळेला दोन्हींचं उत्तर देणं अगदी सोपं होतं. रागाला उत्तर: 'पालकांची भाषा आक्षेपार्ह आहे.' भीतीला उत्तर: 'धन्यवाद.' विकृत मानसिकता म्हटलं की बैठक मॅडमच्या मानसिकतेवर होते, आणि त्या बैठकीत मॅडमच्या बाजूनं सगळा स्टाफ उभा राहतो, कारण उद्या हा शब्द त्यांच्यावरही येऊ शकतो. भाची मात्र उभी ती उभीच.

मराठी घरात अन्यायाविरुद्धच्या तक्रारीचा नमुना म्हणून जी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ती टिळकांच्या शेंगांची. 1 ऑगस्टला राज्यातल्या प्रत्येक शाळेत कुणीतरी चिमुरडा ती छाती पुढं काढून सांगतोच. ती नीट ऐकली तर लक्षात येतं, की त्या पोरानं गुरुजींना एकही विशेषण लावलेलं नाही. मी हे केलं नाही, म्हणून मी ते करणार नाही: एक घटना आणि एक भूमिका, बस. गुरुजी पक्षपाती आहेत, गुरुजींची मानसिकता अमुक आहे, यातलं काही नाही. अर्थात त्या पोराचे वडील गंगाधरपंत स्वतः शिक्षक होते आणि पुढं शिक्षणखात्यातच अधिकारी झाले, ही सोय आपल्या जवाईबुवांना नव्हती.

मी विचारलं, "रोज उभी ठेवतात म्हणता. कोणत्या दिवशी?"

"रोज म्हंजे रोजच."

"तारीख?"

"दादा, तुमी आता तारखा विचारता? पोट्टी रडून राह्यली अन्‌ तुमी कॅलेंडर काढून राह्यले?"

मग मी त्यांच्याच दुकानाची आठवण दिली. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर बोंब झाली होती. तेव्हा शेतकरी यांच्या काउंटरवर येऊन बियाणं बोगस आहे म्हणून ओरडायचे आणि हे शांतपणे विचारायचे, "थैली कुठी हाये? टॅग हाये का? बिलावर लॉट नंबर पाह्यला का?" ज्यानं थैली जपून ठेवली त्याच्या शेतात तालुक्याची समिती आली, रोपं मोजली, पंचनामा झाला. ज्यानं थैलीचं बसकर करून टाकलं तो खरा असूनही नुसता ओरडत राहिला. "आता सांगा," मी म्हणालो, "या तक्रारीची थैली कुठी हाये?"

जवाईबुवा खाली बसले. बहिणीनं गिल्या वड्याची प्लेट पुढं केली. अमरावतीत यापुढं कोणतीही चर्चा शांततेतच होते.

सोबत आलेल्या भाचीला बोलावलं. इथं मोठी माणसं पहिली माती खातात. "आज बी मॅडमनं उभं ठेवलं होतं ना बेटा?" असं विचारलं की लेकरू हो म्हणतं, कारण बापाला काय ऐकायचं आहे ते त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. म्हणून जवाईबुवांना आधी गच्चीवर सोलर पाहायला पाठवलं. मग भाचीला एवढंच विचारलं, की विज्ञानाच्या तासाला काय काय होतं ते सांग. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो, आणि मधे "मग?" याखेरीज काही बोललो नाही. सगळं झाल्यावर शाळेची डायरी, वही आणि कॅलेंडर जुळवून पाहिलं. गच्चीवर जाता जाता वडिलांनी खात्रीनं सांगितलेल्या तारखांपैकी 14 जुलैला रविवार निघाला. ती तारीख खोडली. तक्रारीतली एक बाब खोटी ठरली की शाळा तिच्याच आधारानं बाकीच्या खऱ्या बाबीही बुडवते, त्यामुळं अशी डळमळीत बाब आपल्याच हातानं काढून टाकावी. अर्ज आखूड होतो, पण तो लंगडत नाही.

उरल्या त्या तारखा 9, 16 आणि 23 जुलै. तिन्ही मंगळवार. 'रोज' म्हणून जे घरभर चाललं होतं ते मंगळवारचं निघालं, कारण मंगळवारी मॅडम वह्या गोळा करतात. आमच्याकडं उन्हामुळं शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात, आणि उघडतात त्या भर पावसात. म्हणून बहिणीनं वहीला खाकी कव्हराऐवजी प्लॅस्टिकचं घातलं होतं. मॅडमचा नियम खाकीचा. नियम मोडला, तास संपेपर्यंत उभी राहा.

"मग नियम तर मोडलाच की," मी म्हणालो.

"पण मामा, प्लॅस्टिकवाल्या अजून बी पोरी होत्या. त्याईले बसवलं."

हे वाक्य आलं आणि मी पेन खाली ठेवला. सगळ्या प्रकरणाचं मर्म इथं होतं, आणि दोन्ही मसुद्यांत नेमकं हेच नव्हतं. मॅडम कडक आहेत, ही तक्रार होत नाही. सगळ्यांना सारख्या कडक असतील तर तो त्यांचा स्वभाव, फार तर आपण नाक मुरडू. एकाच चुकीसाठी एकीला उभं करणं आणि दुसरीला बसवणं, तेही एकदा नव्हे, तीन मंगळवार, ही तक्रार. अन्याय म्हणायचा तर बाजूच्या बाकावर काय झालं ते सांगावंच लागतं. फक्त त्या बाजूच्या बाकावरच्या पोरींची नावं अर्जात घालायची नाहीत. नाव घातलं की संध्याकाळपर्यंत त्यांचे पालक फोन करतात, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडतात आणि आपण मॅडमशी सोडून शेजाऱ्यांशी भांडत बसतो.

चौथी तारीख 2 ऑगस्ट. त्याआधी 26 जुलैला बहीण शाळेत जाऊन मॅडमशी गोड बोलून आली होती आणि मॅडमनीही 'बघते' म्हटलं होतं. 2 तारखेला वर्गात प्रश्न होता झाडांना काय काय लागतं. भाचीनं हात वर केला आणि म्हणाली, "झाडाले पाणी लागते, ऊन लागते." उत्तर बरोबर. मॅडम म्हणाल्या, "झाडाले? पुन्हा म्हण." ती पुन्हा म्हणाली. वर्ग हसला. "अजून एकदा." वर्ग आणखी हसला. त्या दिवसापासून पोरगी हात वर करत नाही. झाडाले काय लागते ते तिला ठाऊक आहे, पण ती आता कोणाले सांगत नाही.

जवाईबुवा गच्चीवरून केव्हाच खाली येऊन दाराआड उभे होते. ते एकदम शांत झाले होते. वऱ्हाडी माणूस ओरडतो तोवर काळजी नसते.

मी त्यांना म्हटलं, आता लिहितो. विशेषण एक नाही, 'नेहमी' नाही, 'जाणूनबुजून' नाही. मॅडमच्या मनात काय आहे ते आपल्याला दिसत नाही. दिसते ती वही. जे भाचीनं सांगितलं तिथं 'असे ती सांगते' लिहायचं, जे आपण पाहिलं तिथं 'मी पाहिले' लिहायचं. जवाईबुवांना 'असे ती सांगते' फार खटकलं. "म्हंजे आपली पोट्टी खोटी बोलते का?" नाही, म्हटलं, म्हणजे आपण खोटं बोलत नाही. मुख्याध्यापकांना त्यातून कळतं की हा माणूस वर्गात नव्हता आणि असल्याचा आवही आणत नाही. अशा माणसाला उडवून लावणं अवघड जातं.

अर्ज झाला तो असा:

'विषय: इयत्ता सहावीत विज्ञानाच्या तासाला माझ्या मुलीला मिळणाऱ्या वेगळ्या वागणुकीबाबत.

महोदय, 9, 16 व 23 जुलै या तिन्ही दिवशी वहीला खाकी कव्हर नसल्याने माझ्या मुलीला तास संपेपर्यंत उभे ठेवण्यात आले, असे ती सांगते. त्याच दिवशी खाकी कव्हर नसलेल्या इतर काही विद्यार्थिनींना बसू देण्यात आले, असेही ती सांगते. तिची वही मी स्वतः पाहिली. तिन्ही दिवसांचा गृहपाठ पूर्ण आहे, मात्र तपासलेला नाही. 26 जुलै रोजी मुलीच्या आईने शिक्षिकेची भेट घेतली. त्यानंतर 2 ऑगस्ट रोजी मुलीने वऱ्हाडी बोलीत दिलेले उत्तर तिला वर्गासमोर पुन्हा पुन्हा म्हणायला लावले व वर्ग हसला, असे ती सांगते. तेव्हापासून ती वर्गात उत्तर देत नाही.

आम्ही वर्गात नव्हतो. शिक्षिकेची बाजू आम्हाला ऐकायची आहे. आमचे म्हणणे एवढेच की, कव्हराचा नियम सर्वांना सारखा लागू व्हावा, आणि उत्तराची भाषा चुकत असल्यास ती दुरुस्त करावी पण तिच्यावर वर्गाला हसू देऊ नये. याबाबत शिक्षिकेच्या उपस्थितीत 14 ऑगस्टपूर्वी भेटीची वेळ द्यावी व जे ठरेल ते लेखी कळवावे, ही विनंती.'

जवाईबुवांनी कागद उलटा करून पाहिला. "संपलं?"

"संपलं."

"आंदोलन?"

"नाई."

"कमीत कमी 'नोंद घ्यावी' तरी टाका."

नोंद घ्यायला सांगायची नसते, ती करून घ्यायची असते, हे त्यांना समजवायला मला आयुष्यभराच्या नोकरीचा दाखला द्यावा लागला. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. एक कार्यालयात द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्यायची. बाबू म्हणेल, ठेवून जा, साहेबांना दाखवतो. तेव्हा आवाज न चढवता एवढंच म्हणायचं, की पोच मिळाली की जातो, आणि तिथंच बाकावर बसायचं. तिथं नुसतं बसलेल्या माणसाइतकी कडक गोष्ट सरकारी कार्यालयात दुसरी नाही. मी तीस-पस्तीस वर्षं टेबलाच्या या बाजूला बसून सांगतो, ओरडणारा माणूस दमून जातो; बसून राहणाऱ्याचं काम करावंच लागतं, नाहीतर डबा खाता येत नाही.

प्रतींची राष्ट्रपतींपर्यंतची यादीही खोडली. पहिल्याच पत्राची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना गेली की मुख्याध्यापकांच्या हातात काही उरत नाही. मग ते वर खुलासा पाठवायच्या कामाला लागतात आणि खुलाशात शाळा नेहमीच निर्दोष असते. प्रत न पाठवण्याची ताकद अशी, की ती कधीही पाठवता येते.

कायदा मला पाठ होता, पण पहिल्या पत्रात त्यातलं एक कलम घातलं नाही. 2009 च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यात कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचना टोमणे मारणं, मुलाच्या पार्श्वभूमीवरून त्याची थट्टा करणं हेही छळातच धरतात. शाळेत निभावलं नाही तर कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडं लेखी तक्रार करता येते, तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा, आणि तिथंही समाधान झालं नाही तर राज्याच्या बालहक्क आयोगाकडं अपील. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. भाची त्यात बसते. पण पहिल्याच कागदावर कलम 17 लिहिलं की मुख्याध्यापक संस्थेच्या वकिलांना फोन लावतात, आणि वकील पहिला सल्ला देतात तो काही न बोलण्याचा. आपल्याला तर ते बोलायला हवे होते. कलमं खिशात ठेवली.

एक मात्र बहिणीला बजावून सांगितलं. हा सगळा संयम कव्हर, बाक, टोमणे असल्या गोष्टींसाठी. लेकराला मारलं असेल, जातीवरून बोललं असेल, अंगाला हात लावला असेल, तर असा सुबक अर्ज लिहीत बसायचं नाही. तिथं पोलीस आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक.

भेट 12 ऑगस्टला झाली. मी गेलो नाही. मामानं जाणं म्हणजे माणसं गोळा करून नेण्यासारखं दिसतं. जे झालं ते बहिणीनं फोनवर सांगितलं. मॅडमच्या वर्गात साठाच्या वर मुलं, त्यातून कसली कसली ऑनलाइन माहिती भरण्याचं काम त्यांच्याच गळ्यात. त्या म्हणाल्या, ज्यांना बसवलं त्या पोरींनी खाकी कव्हर आणते म्हणून आधी सांगितलं होतं, ही गप्प राहिली, म्हणून उभी केली. मग बहिणीनं हळूच वही पुढं केली आणि विचारलं, की तिन्ही मंगळवारी वही तपासायची का राहिली? मॅडम वहीकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे माझ्याकडून राहिलं." जवाईबुवांच्या अर्जावर त्यांनी हे कधी कबूल केलं असतं का? विकृत मानसिकतेची कबुली कोण देईल? न तपासलेल्या वहीची देता येते.

2 ऑगस्टच्या मुद्द्यावर मॅडम अडल्या. म्हणाल्या, मुलांना प्रमाण भाषा यायलाच हवी, उद्या पुण्या-मुंबईत जातील तर कोण विचारेल? मुख्याध्यापक मान डोलावत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "हाव, मिटिंगमंधी हावो. मंग लावतो ना बाप्पा. नाई नाई, दोन पोते तथीच ठेव." फोन ठेवून ते गंभीरपणे म्हणाले, "तर आपण प्रमाण भाषेच्या मुद्द्यावर होतो." कोणी हसलं नाही, हे जवाईबुवांचं त्या दिवसाचं सगळ्यात मोठं कर्तृत्व. ते आतून इतके फुगले होते, की बहिणीनं टेबलाखालून त्यांचा पाय दाबून धरला होता. मग तीच म्हणाली, "मॅडम, चुकलं तर दुरुस्त करा. दहा वेळा करा. फक्त हसू देऊ नका. हे आम्हाले चालणार नाही."

तिच्या पत्रातली 'क्षमा असावी' कुठं गेली होती कुणास ठाऊक. तिचा आवाजही चढला नव्हता.

त्याच संध्याकाळी तिनं शाळेला चार ओळी पाठवल्या: आज भेटीत आमच्या समजुतीप्रमाणे असे असे ठरले, यात काही वेगळे असल्यास कळवावे. ही माझी आवडती ओळ. बैठकीत काय ठरलं हे महिन्याभरानं प्रत्येकाला वेगळं आठवतं. जो त्याच दिवशी लिहितो त्याचंच शेवटी खरं धरलं जातं. शाळेचं स्वतःचं उत्तर पोळा झाल्यावर आलं. त्यात लिहिलं होतं, 'आपल्या पत्राच्या अनुषंगाने योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे.' असली वाक्यं मी स्वतः इतकी टाइप केली आहेत की ते वाचून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्याचा अर्थ होतो, काहीही. जवाईबुवा पुन्हा पेटले. मी त्यांच्याकडून दोन ओळींचं स्मरणपत्र पाठवून घेतलं: आवक क्रमांक अमुक, कोणती कार्यवाही झाली ते कृपया कळवावे, 12 ऑगस्टचे आमचे टिपण सोबत जोडले आहे. याची प्रत मात्र या वेळी शिक्षणाधिकाऱ्यांना जाऊ शकते, असं कुठंही लिहिलं नव्हतं. मुख्याध्यापकांना ते बरोबर वाचता आलं. आठवड्याभरात उत्तर आलं, आणि त्यात कव्हराचा नियमच रद्द केल्याचं लिहिलं होतं. पावसाळ्यात प्लॅस्टिक चालेल. सहावीतल्या सगळ्या पोरींना.

हसण्याचं काय झालं ते लेखी कुठंच आलं नाही. तेवढं शाळेच्या हातून सुटलं नाही. पण भाचीच्या म्हणण्याप्रमाणे मॅडम आता "झाडाला" असं हळूच म्हणून पुढं जातात. आपल्याला तेवढंच हवं होतं.

दिवाळीनंतर पालकसभा झाली. मॅडमनी जवाईबुवांना बाजूला बोलावलं आणि म्हणाल्या, "तुमची मुलगी हुशार आहे, पण हल्ली वर्गात नेहमी बोलत असते."

जवाईबुवांनी हे मला मोठ्या अभिमानानं सांगितलं. ते म्हणे खुर्चीत ताठ बसले, चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, 'नेहमी' म्हणू नका. तारीख सांगा."

मॅडमनी पर्समधून डायरी काढली. त्यात पाच तारखा होत्या, तास होता, शेजारी कोण बसली होती ते होतं, आणि प्रत्येक वेळी त्या दोघी कशावर बोलत होत्या तेही होतं.